फोर्कलिफ्टची बॅटरी आणि तीन रकान्यांचा कागद

चाकण किंवा भिवंडीच्या मोठ्या गोदामांत विजेवरची फोर्कलिफ्ट दोन-तीन पाळ्यांत धावत असते. तिची बॅटरी बहुतेक ठिकाणी अजून शिसे-आम्लाचीच असते. ती एका पाळीत उतरते, पुन्हा चार्ज व्हायला साधारण आठ तास घेते आणि त्यानंतर तिला थंड होऊ द्यावं लागतं. गाडीला तेवढा वेळ उभं राहणं परवडत नाही, म्हणून पाळी बदलताना उतरलेली बॅटरी काढून भरलेली बसवतात. हाताला सवय असली की पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. रोजचंच काम असल्यामुळे त्याकडे कोणी थांबून पाहत नाही.

पाहिलं तर दिसतं ते असं. ४८ व्होल्टची बॅटरी म्हणजे लोखंडी पेटीत बसवलेले दोन-दोन व्होल्टचे २४ सेल. एकूण वजन एक टनाच्या आसपास, आत सल्फ्युरिक ॲसिड, आणि चार्ज होताना बाहेर पडणारा हायड्रोजन. असं काम सुरक्षित कसं करायचं हे ठरवण्यासाठी कारखान्यांत ‘जॉब सेफ्टी ॲनालिसिस’ करतात. तोंडी सगळे त्याला जेएसएच म्हणतात. कागद साधा असतो, रकाने तीन: कामाची पायरी, त्या पायरीतला धोका आणि त्यावरचा उपाय.

पहिला रकाना आधी पूर्ण भरायचा आणि तोही ऑफिसात बसून नव्हे, तर काम चालू असताना शेजारी उभं राहून. ‘बॅटरी बदलणे’ एवढंच लिहिलं तर धोका दिसतच नाही. ‘हुक हातात घेणे’ इथपर्यंत बारकाईत गेलं तर कागदाची वही होते आणि ती कोणी वाचत नाही. आठ-दहा पायऱ्या पुरतात: गाडी ठरल्या जागी लावून फोर्क जमिनीला टेकवणं, हँडब्रेक ओढून चावी काढणं, झाकण उघडून प्लग सोडवणं, बॅटरीची अडसर-पट्टी काढणं, उचलणं, स्टँडवर ठेवणं, भरलेली बॅटरी निवडणं, ती आणून बसवणं, पट्टी आणि प्लग लावणं, शेवटी गाडी चालवून पाहणं. यातली ‘निवडणं’ ही पायरी बहुतेक कागदांवर नसते. तिच्याकडे पुढे येतो.

दुसऱ्या रकान्यात ‘ॲसिड’ किंवा ‘वजन’ असा एक शब्द लिहून भागत नाही. काय घडेल आणि कशामुळे, हे लिहावं लागतं. उचलण्याची पायरी घ्या. पेटीला दोन्ही टोकांना उचलण्यासाठी भोकं असतात. नियमाने होइस्टच्या हुकाला आडवा लिफ्टिंग बीम लावायचा आणि बीमचे दोन हुक त्या भोकांत सरळ उभे सोडायचे. प्रत्यक्षात बरेचदा एकाच हुकातून दोन साखळ्या तिरक्या खाली येतात आणि बॅटरी त्यावर उचलली जाते. वरवर पाहता ती तशीही उचलली जातेच. पण टनभर वजन ४५ अंशांत तिरक्या साखळ्यांवर घेतलं, की प्रत्येक साखळीवर ५०० नव्हे, सुमारे ७०० किलोचा ताण येतो. शिवाय पेटीच्या दोन्ही बाजू आत दाबल्या जातात, प्रत्येक बाजूने ५०० किलोच्या जोराने. साखळ्या आणखी आडव्या कोनात धरल्या तर हा जोर वाढतच जातो. पेटी चेपते, सेलला तडा जातो, ॲसिड झिरपू लागतं. त्यातच साखळी सैल पडून सेलच्या जोडपट्ट्यांवर टेकली, तर लोखंडातून सरळ शॉर्ट होतो.

म्हणून या पायरीचा धोका असा लिहावा: ‘तिरक्या साखळीने पेटी चेपून ॲसिड गळेल, साखळी सेलवर टेकून शॉर्ट होईल, ठिणगी उडेल.’ एवढं स्पष्ट लिहिलं की उपाय जवळजवळ आपोआप समोर येतो: बीम वापरणं, हुकांना विद्युतरोधक आवरण असणं आणि बॅटरीवर रबरी चटई अंथरणं. ‘काळजी घ्यावी’ हा मात्र उपाय नव्हे. तिसऱ्या रकान्यात हे दोन शब्द दिसले की मी तो कागद अपुरा समजतो, कारण मध्यरात्री दमलेल्या माणसाने नेमकं काय करायचं, ते त्यात नसतं.

उपाय शोधण्याला एक क्रम आहे. आधी विचारायचं की धोका मुळातूनच काढता येईल का. लिथियमची बॅटरी असेल तर ती गाडीत ठेवूनच सुट्टीच्या वेळात चार्ज होते आणि उचलण्याचा प्रश्नच उरत नाही. ते जमत नसेल तर यंत्र बदलायचं: उचलण्याऐवजी रुळांच्या स्टँडवर बॅटरी सरकवून घ्यायची. मग कामाची पद्धत. हातमोजे, गॉगल, एप्रन सगळ्यांत शेवटी. ते घालायलाच हवेत, पण टनभराची पेटी पायावर आली तर हातमोजा काही करू शकत नाही.

शॉर्टचा धोका एवढ्यावर संपत नाही. ४८ व्होल्टचा झटका सहसा जीवघेणा नसतो, त्यामुळे माणसं निर्धास्त राहतात. पण धातूचा पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला, तर त्यातून क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. पाना लाल होतो, चिकटतो, वितळलेला धातू उडतो. बोटातली अंगठी तिथे टेकली तर तीच तापून बोट भाजते. म्हणून अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवणं ही कागदावर वेगळी ओळ असावी आणि पानेही आवरण असलेलेच असावेत.

स्टँडवरची भरलेली बॅटरी घेतानाही ठिणगीचा प्रश्न येतो. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. चार्जर चालू असताना प्लग ओढला तर तिथे ठिणगी पडते, आणि नेमकी तेव्हाच सेलमधून गॅस बाहेर पडत असतो. इथे क्रम हाच उपाय आहे: आधी चार्जर बंद करायचा, मगच प्लग काढायचा, आणि ओढायचा तो केबल धरून नव्हे, प्लग धरून. हायड्रोजन हलका असल्याने छताशी साचतो, म्हणून हवा खेचणारा पंखा वर असावा लागतो. कोपऱ्यात खाली लावलेल्या पंख्याचा इथे फारसा उपयोग होत नाही.

आता ‘निवडणं’. फोर्कलिफ्टची बॅटरी गाडीला वीज देते, तशीच ती मागचं वजनही असते. पुढे माल उचलला जातो तेव्हा गाडी पुढे झुकू न देण्यात बॅटरीचा मोठा वाटा असतो. गाडीच्या पाटीवर बॅटरीचं किमान आणि कमाल वजन लिहिलेलं असतं. मोकळी दिसली म्हणून शेजारच्या गाडीची हलकी बॅटरी बसवली, तर प्लग लागतो, गाडी चालते, सगळं ठीक दिसतं. मग पूर्ण माल घेऊन ब्रेक दाबला की मागची चाकं उचलू शकतात. अपघात बॅटरीच्या खोलीत होत नाही, दोन तासांनी रॅकपाशी होतो, आणि चौकशीत बॅटरीचं नावही निघत नाही. उपाय सोपा आहे: बॅटरीवर आणि गाडीवर ठळक एकच नंबर रंगवायचा. शिवाय बॅटरीचं वजन होइस्टच्या क्षमतेपेक्षा कमी आहे ना, हे कागद करतानाच ताडून पाहायचं.

कागद तयार झाला की तो काम करणाऱ्यांना वाचून दाखवायचा आणि विचारायचं, यातलं काय होत नाही? उत्तर बरेचदा असं येतं: “साहेब, बीम स्टोअरमध्ये असतो. रात्री चावी कोणाकडे असते, ते आम्हाला माहीत नाही.” साखळ्या तिरक्या का लागतात, याचं खरं कारण हे. ते कळल्यावर तिसऱ्या रकान्यात आणखी एक ओळ वाढते: बीम होइस्टशेजारी भिंतीवरच्या खुंटीवर टांगलेला राहील, कुलूप नाही. डोळे धुण्याच्या नळापुढे खोके रचून ठेवलेले असतात, तेही याच बैठकीत कळतं. ॲसिड डोळ्यात गेलं तर लगेच, सलग किमान १५ मिनिटं पाण्याने धुवावं लागतं, म्हणून खोके हलवण्याची जबाबदारी आणि तारीख त्याच कागदावर लिहायची.

नवी गाडी आली, वेगळ्या वजनाची बॅटरी आली किंवा कोणी थोडक्यात बचावलं, की कागद पुन्हा उघडायचा. एखाद्याच्या हातातून पाना निसटून चटईवर पडला आणि काहीच झालं नाही, तरी ही नोंद करायची, कारण चटई नसती तर काय झालं असतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे.