रस्त्याच्या कामाची आखणी: वॉटरफॉल, अ‍ॅजाइल की हायब्रिड?

रस्ता बांधताना दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. नियम आधीच ठरलेले असतात, आणि जमिनीखाली काय निघेल हे आधी पूर्ण कळत नाही. राज्यमार्गाच्या कामाला प्रशासकीय मान्यता लागते, मग तांत्रिक मंजुरी, त्यानंतर निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. डांबरी रस्त्याच्या थरांची जाडी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:37 या मार्गदर्शिकेनुसार काढली जाते. माल आणि कामाचा दर्जा केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांशी जुळावा लागतो. यातले काहीही साइटवरच्या अभियंत्याच्या हातात नसते. पण खोदाईत अचानक पाणी लागते, विजेचे खांब वेळेवर हलत नाहीत, आणि जूनमध्ये पाऊस येतोच. त्यामुळे काम कोणत्या पद्धतीने चालवायचे, हा प्रश्न कागदी राहत नाही.

वॉटरफॉल पद्धतीत एक टप्पा पूर्ण झाल्यावरच दुसरा सुरू होतो: सर्वेक्षण, संकल्पन, मंजुरी, बांधकाम, तपासणी. पाणी वरून खाली उतरते तसे काम पुढे सरकते आणि सहसा मागे फिरत नाही. विन्स्टन रॉइस यांनी 1970 मध्ये संगणक प्रणालींविषयीच्या एका लेखात अशी आकृती मांडली. ती जशीच्या तशी राबवणे धोक्याचे आहे, असा इशाराही त्यांनी त्याच लेखात दिला होता. अ‍ॅजाइल हा शब्द 2001 मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात जमलेल्या 17 सॉफ्टवेअर तज्ज्ञांच्या जाहीरनाम्यामुळे रूढ झाला. त्यात कामाचे छोटे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा पूर्ण करून दाखवतात आणि जे कळेल त्यानुसार पुढचे ठरवतात. हायब्रिड म्हणजे दोन्हींची सांगड. मात्र ही सांगड कुठे घालायची, हे नीट ठरवले नाही तर दोन्हींचे दोष एकत्र येतात.

निवड करताना संपूर्ण प्रकल्पावर एकच शिक्का मारण्यापेक्षा त्यातला एकेक निर्णय वेगळा काढून दोन प्रश्न विचारावेत. हा निर्णय चुकला तर परत फिरायला किती खर्च येईल? आणि तो बदलायला कोणाची सही लागेल? परत फिरणे महाग असेल आणि सही वरच्या कार्यालयाची लागत असेल, तर तो निर्णय वॉटरफॉलचा. परत फिरणे स्वस्त असेल आणि सही साइटवरच मिळत असेल, तर तो अ‍ॅजाइल पद्धतीने घेता येतो.

ही कसोटी लावली की चित्र लवकर स्पष्ट होते. रस्त्याची आखणी, भूसंपादनाची रुंदी, थरांची जाडी, मोऱ्यांची संख्या आणि पाण्याचा मार्ग हे पहिल्या गटात येतात. मोरीचा पाया एकदा ओतला की तो दोन मीटर सरकवता येत नाही. कोणता किलोमीटर आधी घ्यायचा, वाहतूक कोणत्या बाजूने वळवायची, रोलर या आठवड्यात कुठे ठेवायचा, मोऱ्या कोणत्या क्रमाने बांधायच्या हे दुसऱ्या गटात येतात. काय बांधायचे ते कागदावर पक्के राहते. कधी आणि कोणत्या क्रमाने बांधायचे, ते दर आठवड्याला ठरते.

दर्जाची तपासणी मात्र कोणत्याही परिस्थितीत लवचीक होत नाही. रस्त्याच्या पायाचा वरचा 500 मिलिमीटरचा मातीचा थर, ज्याला सबग्रेड म्हणतात, प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल कोरड्या घनतेच्या किमान 97 टक्के दाबला गेला पाहिजे. हे पाहण्यासाठी थरात एक छोटा खड्डा खणून निघालेली माती तोलतात. मग तोच खड्डा माहीत घनतेच्या कोरड्या वाळूने भरतात. किती वाळू लागली यावरून खड्ड्याचे घनफळ कळते आणि मातीतले पाणी वजा केले की कोरडी घनता निघते. हा आकडा 95 आला तर त्या भागात पुन्हा रोलर फिरवावा लागतो किंवा मातीतले पाणी कमी-जास्त करावे लागते. डांबरी थराचेही तसेच. व्हीजी-30 डांबराचा मिश्र माल पसरताना त्याचे तापमान 140 अंश सेल्सियसच्या खाली जाता कामा नये आणि रोलरचे काम ते 90 अंशांखाली उतरण्यापूर्वी संपले पाहिजे. टिपरमधल्या मालात थर्मामीटर खुपसल्यावर आकडा कमी दिसला, तर तो माल परत जातो. कामाला गती द्यायची म्हणून ही तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाही, कारण वरचा थर पडला की खालचा पाहताच येत नाही.

एका कल्पित कामाचे उदाहरण घेतले तर हे नीट कळते. समजा, दोन तालुक्याच्या गावांना जोडणारा 10 किलोमीटरचा राज्यमार्ग रुंद करायचा आहे. तयार रस्ता साइडपट्ट्यांसह 10 मीटरचा होणार आहे आणि वाटेत सात मोऱ्या आहेत. काम नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. डांबरीकरण पावसात होत नाही, म्हणून हाती सात महिन्यांचा हंगाम आहे. मूळ कार्यक्रम वॉटरफॉलचा आहे: आधी पूर्ण लांबीत माती आणि भराव, मग पूर्ण लांबीत खडीचे थर, शेवटी पूर्ण लांबीत डांबर.

कागदावर हा कार्यक्रम सुटसुटीत दिसतो, पण त्यातला धोका मे महिन्यात कळतो. सात महिन्यांत माती आणि खडी संपली आणि डांबर चारच किलोमीटरवर पडले, तर उरलेले सहा किलोमीटर पावसात उघडे राहतात. भिजलेला सबग्रेड मऊ पडतो, वरून जाणाऱ्या वाहनांमुळे खडी खाली रुतते आणि पावसाळ्यानंतर तोच थर काढून पुन्हा करावा लागतो. इथे अ‍ॅजाइलचा एक विचार थेट उपयोगी पडतो: बंद करता येईल तेवढेच उघडायचे. एक किलोमीटर खोदण्यापासून त्यावर डांबराचा पहिला थर टाकण्यापर्यंत आठ आठवडे लागतात असे धरले, तर मेअखेर काम बंद होण्याच्या हिशोबाने एप्रिलच्या सुरुवातीनंतर नवा किलोमीटर उघडायचा नाही, हे साधे गणित निघते. काम दोन-दोन किलोमीटरच्या तुकड्यांत चालते. प्रत्येक तुकड्यात सगळे थर पूर्ण होतात आणि तो वाहतुकीला मिळतो. थरांची जाडी आणि दर्जा मंजूर आराखड्यातलाच राहतो. बदलतो तो फक्त क्रम.

आता दुसरी घटना. चौथ्या किलोमीटरमध्ये खोदाईत 300 मीटर लांबीत काळी माती ओली लागते आणि बाजूच्या बागायती शेतातून झिरपा येतो. आराखड्यात याचा उल्लेख नाही. निव्वळ वॉटरफॉलमध्ये सुधारित मंजुरी येईपर्यंत यंत्रे थांबतात. निव्वळ अ‍ॅजाइलमध्ये साइटवरचा अभियंता तिथल्या तिथे मुरूम टाकून पुढे जातो. हा दुसरा मार्ग दिसायला शहाणपणाचा, पण परिणाम महागडे असतात. 300 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल माती बदलायची म्हणजे 1500 घनमीटर दाबलेला मुरूम. टिपरमध्ये 10 घनमीटर माल बसतो असे धरले, तर दीडशेहून अधिक खेपा. मंजुरीशिवाय झालेल्या या कामाचे बिल मोजमाप पुस्तकात नोंदवता येत नाही. नोंदवले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. शिवाय पाण्याचा निचरा न करता फक्त मुरूम टाकला तर झिरपा तसाच राहतो आणि दोन पावसाळ्यांत तिथेच रस्ता खचतो.

हायब्रिड मार्गात काम दोन वाटांनी चालते. त्या 300 मीटरचे काम थांबते. मातीचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि निचऱ्याची चर व मातीबदल यांचा प्रस्ताव वरच्या कार्यालयाकडे रीतसर जातो. त्याच दिवशी खोदाईची टोळी सहाव्या किलोमीटरवर हलते. मात्र त्यासाठी सहावा किलोमीटर आधीच तयार असावा लागतो, म्हणजे तिथली जागा ताब्यात, खांब हललेले, मुरुमाची खाण मंजूर. पर्यायी जागा तयार ठेवण्याची ही सवय नसेल, तर हायब्रिड फक्त नावाला उरते.

यासाठी बांधकाम क्षेत्रात वापरली जाणारी पद्धत म्हणजे ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी 1990 च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेली लास्ट प्लॅनर. तिचा गाभा सोपा आहे. पुढच्या सहा आठवड्यांची कामे पाहायची आणि प्रत्येकासमोर अडथळे लिहायचे: जागा, खांब, माल, यंत्र, मंजुरी. ज्यातले सगळे अडथळे सुटलेत तेच काम पुढच्या आठवड्याच्या यादीत घ्यायचे. यादी मुकादम आणि पोटकंत्राटदार यांच्यासमोर ठरते, कारण काम प्रत्यक्ष तेच करणार असतात. आठवडा संपल्यावर ठरलेल्यापैकी किती कामे पूर्ण झाली, हे टक्क्यांत काढतात. दहा कामे ठरली आणि सहा पूर्ण झाली, तर आकडा 60 टक्के. अर्धवट झालेले काम शून्य धरतात.

त्या आकड्यापेक्षा अपुऱ्या कामांची कारणे अधिक बोलतात. चारपैकी दोन कामे विजेच्या खांबांमुळे, एक मुरूम न आल्यामुळे आणि एक रोलर बिघडल्यामुळे अडले असेल, तर पुढच्या आठवड्यात वीज कंपनीकडे माणूस बसवणे हे पहिले काम ठरते. तेच कारण सलग तीन आठवडे दिसत राहिले, तर अडचण साइटच्या हाताबाहेर गेली असे समजावे आणि विषय वरच्या पातळीवर न्यावा.

प्रत्येक कामाला हायब्रिडची गरज नसते. एकाच मोरीचे काम, सगळी जागा ताब्यात असलेला छोटा वळणरस्ता किंवा तीन महिन्यांत संपणारे नूतनीकरण असेल, तर सरळ वॉटरफॉल पुरतो. तिथे साप्ताहिक नियोजनाच्या बैठका कामापेक्षा जड होतात. पूर्ण अ‍ॅजाइल फक्त रस्त्याभोवतीच्या गोष्टींना लागू पडते: सिग्नलच्या वेळा, वळणमार्गाच्या पाट्या, कामाच्या नोंदींचे संगणक ॲप, गावकऱ्यांना रोजची माहिती देण्याची पद्धत. चुकलेली सिग्नलची वेळ दुसऱ्या दिवशी बदलता येते. चुकलेला पाया बदलता येत नाही.

हायब्रिड बिघडत चालले आहे हे काही खुणांवरून ओळखता येते. साप्ताहिक यादीत मंजुरी न मिळालेली कामे दिसू लागतात. चाचणीचा निकाल हाती येण्याआधी वरचा थर पडतो. मोजमाप पुस्तकातली नोंद आणि मंजूर आराखडा जुळत नाहीत. उघडे किलोमीटर वाढत जातात आणि पूर्ण झालेले तेवढेच राहतात. यातली कोणतीही खूण दिसली, की नवे काम उघडणे थांबवून आधी उघडलेले पूर्ण करावे आणि कागद जुळवून घ्यावेत. पाऊस येण्याआधी हे झाले, तर दुरुस्ती थोड्या दिवसांची असते. नंतर तीच दुरुस्ती दुसऱ्या हंगामात जाते.