जिन्यातला कॅमेरा आणि आमचा ई-मेल

यवतमाळमध्ये आम्ही राहतो त्या सोसायटीत चोवीस घरे आहेत. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. एका रात्री तो उघडा राहिला आणि टाकी रिकामी झाली. सकाळी सचिवसाहेबांनी जिन्यातल्या कॅमेऱ्याची क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि खाली लिहिले, ‘ओळखा पाहू कोण?’

क्लिपमध्ये एक मुलगा वर जाताना दिसत होता. पण त्याच वेळी आमचे दार उघडले होते. सुनेने डोक्यावर ओढणी न घेता, घाईत, तापाने फणफणलेल्या लेकरासाठी औषध घेऊन आलेल्या दिराला आत घेतले होते. दारावरचा क्रमांक स्पष्ट, चेहरा स्पष्ट, कोपऱ्यात वेळ रात्रीचा एक. गटात पुण्याला राहणारे घरमालक आहेत, भाडेकरू आहेत, टँकरवालाही आहे. तिसऱ्या दिवशी दारव्ह्याहून खालाचा फोन आला, “तुमच्या घरी एवढ्या रात्री कोण आलं होतं?”

सून दोन दिवस जिना उतरली नाही. मग आम्ही समितीला ई-मेल लिहिला. तोंडी बोललो असतो तर भांडण झाले असते आणि नोंद काहीच राहिली नसती. त्यातला मुख्य भाग असा:

‘मा. सचिव महोदय, चोरी किंवा नुकसान झाल्यास चित्रण पाहण्यास आमची हरकत नाही. मात्र गटावर क्लिप टाकण्यापूर्वी घटनेशी संबंध नसलेल्यांचे चेहरे आणि घरांचे क्रमांक झाकावेत. मूळ चित्रण न बदलता सोसायटीकडे ठेवावे. ते कोणी पाहिले याची वहीत नोंद व्हावी. आधीची क्लिप गटातून काढावी.’

सचिवसाहेब घरी आले. “भाभी, यात लपवण्यासारखं काय होतं?” त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आम्हालाही मान्य. त्यांची खरी अडचण वेगळी होती. झाकलेली क्लिप पोलीस घेतील का? ही शंका रास्त आहे. म्हणूनच दोन प्रती लागतात. पोलिसांना मूळ प्रत द्यायची, तिला हात लावायचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. शिवाय डिस्क भरली की यंत्र जुन्या चित्रणावर नवे चढवते, म्हणून घटना कळताच मूळ प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी लागते. झाकायची ती फक्त गटावरची दुसरी प्रत.

झाकण्याचे काम आमच्या पुतण्याने फोनवर करून दाखवले. कॅमेरा हलत नाही, म्हणून दारावरच्या क्रमांकावर एकदा काळी चौकट ठेवली की ती शेवटपर्यंत पुरते. चेहरा मात्र चालतो. चौकट त्याच्यामागे सरकवत न्यावी लागते, आणि माणूस वळला की ती नेमकी घसरते. पहिल्या प्रयत्नात सुनेचा चेहरा अर्धा सेकंद उघडा राहिला. चालू क्लिपमध्ये तो कोणाच्या लक्षात आला नाही, थांबवत थांबवत पाहिल्यावर दिसला. नुसते धूसर करण्यापेक्षा काळी चौकट बरी, कारण हलक्या धूसरपणातून मोठे आकडे ओळखता येतात. आवाज बंद करायचा आणि खाली ‘दुसऱ्या मजल्यावरच्या’ असे लिहायचे नाही, नाहीतर सगळी मेहनत फुकट.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. चोवीस घरांत माणूस चालीवरून, बुरख्याच्या काठावरूनही ओळखू येतो. झाकलेली क्लिप शेजाऱ्यांपासून काही लपवत नाही. ती दारव्ह्यापर्यंत पोहोचली तरी घर ओळखू येत नाही, एवढाच तिचा उपयोग. टाकीच्या प्रकरणात तर क्लिपची गरजच नव्हती. दोन सभासदांनी चित्रण पाहून त्या मुलाच्या वडिलांशी बोलले असते तरी काम भागले असते.

कायदा कोणाच्या बाजूने, हेही विचारले गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा कॅमेऱ्यावरून वाद झाला, तेव्हा सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घरात कॅमेरे लावता येणार नाहीत, असे तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सामाईक जिन्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिथे कॅमेरा असणे गैर नाही. वाद आहे तो चित्रण वाटण्याचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, पण ती व्यक्तीला. सोसायटी ही व्यक्ती नव्हे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत.

समितीने चेहरे आणि क्रमांक झाकण्याचे मान्य केले, वहीही आणली. आमच्या दाराच्या आतला भाग यंत्रातच कायमचा काळा करावा, असे आम्ही सुचवले होते. पण तसे केल्यास मूळ चित्रणातही तो भाग कधीच नोंदला जात नाही, म्हणून समितीने कॅमेराच थोडा जिन्याकडे वळवला. जुनी क्लिप मात्र सगळ्यांच्या फोनवरून काढता आली नाही, कारण व्हॉट्सॲपवर ती मुदत सुमारे अडीच दिवसांची असते आणि खालाचा फोन तिसऱ्या दिवशी आला होता.