आलेखावरची दोन वळणं

एका बीकरमध्ये हायड्रोक्लोरिक आणि ॲसेटिक ही दोन आम्लं एकत्र आहेत. कोणतं किती, हे शोधायचंय. नेहमीच्या सवयीनं फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून कॉस्टिक सोडा सोडला तर गुलाबी रंग येतो तो दोन्ही आम्लं संपल्यावरच. एकूण आम्ल कळतं, त्याची वाटणी कळत नाही. ही वाटणी वाहकतेच्या आलेखावर सरळ वाचता येते, म्हणूनच बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये या प्रयोगाला कायमची जागा आहे.

द्रावणातून वीज वाहते ती आयनांमुळे, आणि सगळे आयन सारख्या ताकदीचे नसतात. २५ अंश सेल्सिअसला त्यांची मोलर वाहकता नेहमीच्या एककात पाहिली तर हायड्रोजन आयनाची सुमारे ३५०, हायड्रॉक्साइडची सुमारे २००, क्लोराइडची ७६, सोडियमची ५० आणि ॲसिटेटची अवघी ४१ भरते. पहिले दोन एवढे पुढे का? बाकीच्या आयनांना पाण्यातून स्वतः वाट काढत जावं लागतं. हायड्रोजन आयनाचं तसं नाही. विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा तो प्रोटॉन एका पाण्याच्या रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. हायड्रॉक्साइडही काहीशा अशाच मार्गानं जातो. पुढचा सगळा आलेख या आकड्यांच्या फरकावर उभा आहे.

आता एक उदाहरण पूर्ण करू. मिश्रणाचे १० मिलिलिटर पिपेटनं बीकरमध्ये घेतले, डिस्टिल्ड पाणी घालून १०० मिलिलिटर केले आणि कंडक्टोमीटरचा सेल इलेक्ट्रोड पूर्ण बुडतील असा सोडला. ब्युरेटमध्ये ०.२ मोलर कॉस्टिक सोडा. समजा सुरुवातीचं वाचन ४.०० मिलिसिमेन्स आलं. प्रत्येक भर घातल्यावर नीट ढवळायचं, आकडा स्थिर झाला की टिपून घ्यायचा. एक मिलिलिटरला ३.४०, दोनला २.८०, तीनला २.२०. हायड्रॉक्साइड येतो, हायड्रोजन आयनाला घेऊन पाणी होतो, आणि त्या जागी सोडियम उरतो. ३५० जाऊन ५० येतात, म्हणून रेषा झपाट्यानं खाली उतरते. शेजारी ॲसेटिक ॲसिड आहे, पण प्रबळ आम्लाचे हायड्रोजन आयन भरपूर असेपर्यंत ते जवळजवळ विघटितच होत नाही आणि आलेखात डोकं वर काढत नाही.

हायड्रोक्लोरिक संपलं की ॲसेटिकची पाळी येते. त्याचे रेणू बहुतांशी अखंड, म्हणजे विजेच्या दृष्टीनं मुके. कॉस्टिक पडला की त्यांच्यापासून सोडियम आणि ॲसिटेट हे दोन आयन नव्यानं तयार होतात. काहीच जात नाही, ५० आणि ४१ येतात. म्हणून रेषा आता चढते, पण संथपणे: सहा मिलिलिटरला १.३३, सातला १.४९, आठला १.६६. तेही संपलं की पुढचा प्रत्येक थेंब जादा कॉस्टिकचा. सोडियम ५० आणि हायड्रॉक्साइड २००, त्यामुळे चढ एकदम उभा होतो. नऊला २.०३, दहाला २.५३, अकराला ३.०३.

तीन उतार, दोन वळणं. पण वळण वाचायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या वळणाच्या आसपास वाचनं अशी येतात: ४.८ मिलिलिटरला १.२६, ५.० ला १.२३, ५.२ ला १.२४. सर्वांत कमी आकडा ५.० ला आहे म्हणून तेच वळण धरण्याचा मोह फार होतो, आणि तो चुकीचा आहे. हायड्रोक्लोरिक संपत आलं की ॲसेटिकवरचा दाब सुटतो, त्याचं थोडं विघटन होऊन हायड्रोजन आयन मोकळे होतात आणि वाचन रेषेच्या थोडं वर राहतं. कोपरा गोल होतो आणि सर्वांत खालचा बिंदू पुढे सरकतो.

त्यामुळे कोपऱ्याजवळचे बिंदू सोडून द्यायचे. लांबचे सरळ बिंदू घेऊन पट्टीनं रेषा ओढायच्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात ते वळण मानायचं. इथे उतरणारी रेषा आणि संथ चढाची रेषा ४.८ मिलिलिटरला मिळतात. संथ आणि उभी रेषा ८.४ ला. हिशेब सोपा आहे. हायड्रोक्लोरिकला ४.८ मिलिलिटर कॉस्टिक लागला, म्हणजे मूळ मिश्रणात त्याची तीव्रता ४.८ गुणिले ०.२ भागिले १०, अर्थात ०.०९६ मोलर. ॲसेटिकला लागला तो फक्त दोन वळणांमधला फरक, ३.६ मिलिलिटर, म्हणून ०.०७२ मोलर. पूर्ण ८.४ ॲसेटिकच्या नावावर टाकणं ही वहीत नेहमी सापडणारी चूक आहे. आणि ५.० धरलं असतं तर हायड्रोक्लोरिक चार टक्क्यांनी जास्त आणि ॲसेटिक साडेपाच टक्क्यांनी कमी आलं असतं.

मला या पद्धतीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं. रंगाच्या टायट्रेशनमध्ये सगळी भिस्त शेवटच्या एका थेंबावर असते. इथे शेवटचा थेंब नेमका पकडावाच लागत नाही. उत्तर त्याच्यापासून दूर असलेल्या, भरवशाच्या बिंदूंवरून मिळतं. शिवाय रेषांच्या छेदाशी काम असल्यानं सेलचा स्थिरांक माहीत नसला तरी चालतं. तापमान आणि सेलची जागा मात्र शेवटपर्यंत तीच हवी, कारण एका अंशाच्या फरकानं वाहकता साधारण दोन टक्क्यांनी हलते.

वरची वाचनं मी विरलतेची दुरुस्ती केलेली दिली आहेत. कॉस्टिकबरोबर पाणीही येतं आणि द्रावण पातळ होतं, म्हणून प्रत्येक वाचनाला एकूण आकारमान भागिले सुरुवातीचं आकारमान या गुणोत्तरानं गुणायचं; दहा मिलिलिटरपाशी ते १.१ होतं. हे केलं नाही तर सरळ रेषा किंचित वाकतात आणि छेदबिंदू सरकतो. ब्युरेटमधला कॉस्टिक बीकरमधल्या आम्लापेक्षा दहापट तरी तीव्र ठेवतात तो याचसाठी.

सर्वांत फसवा शत्रू म्हणजे जुना कॉस्टिक. उघड्या बाटलीतला कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट बनवत राहतो. बीकरमध्ये त्याचं कार्बोनिक ॲसिड होतं आणि ॲसेटिकनंतर तेही कॉस्टिक घेतं. तेव्हा चढ ठरतो तो सोडियम आणि बायकार्बोनेटनं, ५० अधिक ४४, म्हणजे ॲसिटेटच्या चढाइतकाच. डोळ्यांना फरक कळत नाही, मधली रेषा फक्त लांबते आणि ॲसेटिक जास्त येतं. खूण एवढीच, की दुसरा कोपरा नको इतका गोल होतो आणि शेवटची रेषा हवी तेवढी उभी राहत नाही. अशा वेळी ताजा, कार्बोनेटमुक्त कॉस्टिक करून पुन्हा सुरुवात करणं हाच उपाय.

दुसरं वळण आणखी टोकदार हवं असेल, तर कॉस्टिकऐवजी अमोनियाचं द्रावण वापरून पाहावं. अमोनिया स्वतः क्षीण अल्कली. दोन्ही आम्लं संपल्यावर जादा अमोनियाचं विघटन होत नाही, म्हणून चढणारी रेषा एकदम आडवी होते आणि कोपरा ठळक दिसतो. मात्र दोन आम्लांच्या ताकदीत पुरेसं अंतर हवं. ॲसेटिकच्या जागी डायक्लोरोॲसेटिकसारखं बऱ्यापैकी प्रबळ आम्ल असेल तर ते हायड्रोक्लोरिकच्या बरोबरीनंच विघटित होतं, आणि पहिलं वळण पट्टीनं शोधण्याइतकंही उरत नाही.