रात्री पंखा कोण लावणार?

मानेच्या मणक्याला मार लागून मज्जारज्जू जायबंदी झाला, की हातापायांच्या बळाबरोबर घामही जातो. दुखापतीच्या खालच्या भागाला घाम नीट येत नाही, त्यामुळे शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. मे महिन्यात विदर्भ-खानदेशातल्या बंद खोलीत अशा माणसाचा पंखा थांबला, तर त्याला नुसतं उकडत नाही, त्याच्या अंगाचं तापमान चढू लागतं. थंडीत नको असलेला पंखा चालू राहिला, तर उलट घडतं. स्मार्ट उपकरणं घ्यायची असतील, तर सुरुवात रंग बदलणाऱ्या दिव्यांपासून करू नका, पंख्यापासून करा.

बहुतेकांच्या मनात आधी स्मार्ट बल्ब येतो. त्याची अडचण अशी, की घरातल्या कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं, की बल्बची वीजच तुटते आणि मग कितीही हाका मारल्या तरी तो ऐकत नाही. त्यापेक्षा बोर्डाच्या आत, बटणाच्या मागे बसणारं काड्यापेटीएवढं मॉड्यूल बरं. भिंतीवरचं बटणही चालतं आणि आवाजावरही काम होतं. अशा बहुतेक मॉड्यूलला न्यूट्रलची वायर लागते. जुन्या घरांतल्या बोर्डात पुष्कळदा नुसती फेज आणलेली असते, पण त्याच बोर्डावर प्लगची सॉकेट असेल तर तिथे न्यूट्रल सापडतेच. वायरमनला पहिला प्रश्न हाच विचारावा.

पंख्यासाठी मॉड्यूल पंख्याचंच घ्यावं. दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर पंख्याला जोडला, तर पंखा घुमतो, तापतो. वेग बदलणारं मॉड्यूल लावलं, की जुना रेग्युलेटर जोडणीतून काढायचा. मॉड्यूल फक्त चालू-बंद करणारं असेल, तर तो सोयीच्या आकड्यावर तसाच राहू द्यायचा. आणखी एक छोटी नोंद सेटिंगमध्ये करावी लागते: वीज जाऊन आल्यावर पंखा 'आधीच्या स्थितीत' परत यायला हवा. हे राहून गेलं, तर पहाटे तीनला वीज येते, पंखा मात्र बंदच राहतो.

आता हुकूम कसा द्यायचा? अलेक्सा 2019 पासून हिंदी समजते आणि दिवसा तिच्यावर काम छान भागतं. पण मानेच्या दुखापतीत छातीचे स्नायूही दुबळे होतात. आवाज क्षीण असतो, रात्री तो आणखी बसतो. श्वासाच्या मशीनचा मास्क तोंडावर असेल, तर शब्दच फुटत नाहीत. शिवाय बोललेलं वाक्य सहसा इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जाऊन समजलं जातं. नेट गेलं, की आवाज निकामी. म्हणून आवाजाच्या जोडीला एक बटण हवंच.

समजा, एका तरुणाला फक्त मान वळवता येते. उशीशेजारी, गालाच्या हलक्या दाबाने दबेल असं मोठं बटण लवचिक दांड्यावर बसवलं. एकदा दाबलं की पंखा, दोनदा दाबलं की दिवा, दाबून धरलं की बाहेरच्या खोलीत घंटा. इथपर्यंत सोपं वाटतं. पण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला रात्रीत साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलून देतात. डाव्या कुशीवर गालाशी असलेलं बटण उजव्या कुशीवर पाठीमागे जातं. दोन्ही बाजूंना एकेक बटण लावा, नाहीतर कूस बदलणाऱ्याने बटणही हलवायचं, हा नियम करा. हे बसवणाऱ्या कारागिराला सुचणार नाही, रात्री उठणाऱ्यालाच सुचतं. त्यामुळे बसवताना तिला किंवा त्याला हजर ठेवा.

दाराचं प्रकरण वेगळं आणि महाग. विजेचं कुलूप उघडलं म्हणजे दार उघडलं असं नाही. ते ढकलायला कुणीतरी किंवा मोटर लागते. वीज गेल्यावर कुलूप उघडं राहणार की बंद, हे विकत घेण्याआधी विचारा. चुंबकी कुलूप विजेविना सुटतं, म्हणजे आग लागली तर माणूस अडकत नाही, पण बॅकअप नसेल तर घर सताड उघडं. आवाजाने कुलूप उघडताना पिन मोठ्याने म्हणावा लागतो, तो दाराबाहेरही ऐकू जाऊ शकतो. फोनच्या पडद्यावरून आलेला माणूस पाहून बटणाने उघडणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

काम झालं, की पैसे देण्याआधी दोन परीक्षा घ्या. राउटर चालू ठेवून फक्त इंटरनेटची वायर काढा आणि बटण दाबा. पंखा फिरला, तर बटणाची जोडणी घरातल्या घरात चालते. नाही फिरला, तर बटणसुद्धा सर्व्हरच्या भरवशावर आहे, ते बदलून मागा. मग मेन स्विच पाडा. पंखा, हब आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत का, ते लगेच कळेल. या दोन्ही वेळी बटण वायरमनने दाबू नये. ज्याचं घर आहे त्याने, अंथरुणात पडूनच दाबावं.