मऊ चकली आणि मालकिणीचं उत्तर

डोंबिवलीत स्टेशनपासून जरा आत एक फराळाचं दुकान आहे. दुकान कसलं, सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. पुढे काउंटर, मागे दोन शेगड्या आणि दिवाळीत मदतीला येणाऱ्या चार बायका. मालकीणबाईंनी नाव छापू नका असं बजावलंय, म्हणून ते देत नाही. गेल्या दिवाळीत गूगलवर या दुकानाखाली एक रिव्ह्यू आला. एकच स्टार, आणि खाली हा मजकूर:

‘अर्धा किलो चकली घेतली. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून डबा उघडला तर सगळ्या चकल्या मऊ, वातड. फोन केला तर म्हणतात, आमच्याकडे कुणाची तक्रार येत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चुकूनही घेऊ नका.’

बाईंनी हे रात्री दुकान बंद करताना वाचलं. दिवसभर तेलासमोर उभं राहिलेल्या माणसाला असं काही वाचून काय होतं ते सांगायला नको. घरी जाऊन त्यांनी वहीत उत्तर लिहिलं. ते असं होतं:

‘आमचं दुकान वीस वर्षं चालू आहे, आजपर्यंत एकानेही अशी तक्रार केलेली नाही. चकली मऊ पडली म्हणजे तुम्ही डबा नीट लावला नसणार. त्याच घाण्यातल्या चकल्या इतरांनीही नेल्या, ते काही बोलले नाहीत. फोनवर आवाज आधी तुम्ही चढवलात. दिवाळीत आम्ही रात्री दोन-दोनपर्यंत जागतो, ते तुम्हाला काय कळणार? पैसे परत पाहिजे असतील तर सरळ तसं सांगा, पण दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका.’

यातलं जागरण खरं आहे, वीस वर्षंही खरी आहेत. तरीही हे उत्तर दुकानाखाली झळकलं असतं तर एका स्टारपेक्षा जास्त नुकसान त्यानेच केलं असतं. बाई हे उत्तर त्या एका गिऱ्हाइकाला लिहीत होत्या. वाचणार मात्र होते ते लोक, जे ‘डोंबिवली चकली’ असं शोधून दोन दुकानांत कुठलं निवडावं याचा विचार करत फोन हातात धरून बसलेत. या लोकांना भांडणाची मागची कथा माहीत नसते. त्यांना इतकंच दिसतं, की एका बाईने तक्रार केली आणि दुकानाने तिच्यावरच उलटा आरोप केला. फोनवर कुणी उद्धट बोललं की नाही, हे त्यांना ठरवायला साधन नव्हतं. वहीतल्या उत्तराने ते साधन आयतं पुरवलं असतं. ज्या दुकानाची मालकीण चारचौघांत असं लिहिते, तिथला माणूस फोनवर कसा बोलत असेल, हा हिशोब कुणीही करेल.

आपल्याकडे दुकानदाराच्या फटकळपणाचं थोडं कौतुकच असतं. पुणेरी पाट्यांवर आपण हसतो, फोटो काढून पुढे पाठवतो. पण पाटी सगळ्यांना उद्देशून असते, म्हणून ती गंमत होते. एका माणसाच्या नावाखाली तोच सूर लावला की ती गंमत राहत नाही.

बाईंचा भाचा कुठल्याशा कंपनीत नोकरीला आहे. त्याने वही वाचली आणि म्हणाला, ‘मावशी, हे नको, मी लिहून देतो.’ त्याने लिहिलं: ‘आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आपल्याला गैरसोय झाल्याचे वाटले असल्यास आम्ही दिलगीर आहोत. ग्राहकांना सर्वोत्तम सेवा देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ यात शिवी नाही, पण चकलीही नाही. हाच मजकूर बँकेने एटीएम बंद पडल्यावर लावला तरी चालेल. शिवाय ‘वाटले असल्यास’ या दोन शब्दांत जुनाच आरोप सभ्य कपडे घालून आला आहे: चकली मऊ नव्हती, तुम्हाला तशी वाटली. माझं मत विचाराल तर पहिला मसुदा यापेक्षा बरा होता. निदान त्यात एक कामाचं वाक्य सापडलं.

ते वाक्य म्हणजे ‘त्याच घाण्यातल्या चकल्या इतरांनीही नेल्या.’ हे खरं की खोटं, ते तपासता येत होतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर आधी तेच केलं. त्या संध्याकाळच्या मालातली काही पाकिटं शिल्लक होती. त्यातली काही कुरकुरीत निघाली आणि काही खरोखर मऊ.

चकली मऊ पडायची कारणं फराळ करणाऱ्या कुणालाही पाठ असतात. भाजणीत मोहन जास्त झालं तर चकली तेलात फसफसते आणि हातात घेताच मोडते. आच मोठी ठेवली तर वरून लाल दिसते पण आत ओल राहते, आणि ती ओल दुसऱ्या दिवशी वर येते. म्हणून मध्यम आचेवर, तेलातले बुडबुडे विरेपर्यंत तळायची. तिसरं कारण तळल्यानंतरचं. चकली कोमट असतानाच पाकीट बंद केलं की आतली वाफ बाहेर जायला वाट राहत नाही, ती पाणी होऊन चकलीतच मुरते. यातलं नेमकं कुठलं, हे बाईंना मऊ पाकिटं हातात घेतल्यावर लगेच कळलं. चकल्या मोडत नव्हत्या, आतून कच्च्याही नव्हत्या. पाकिटाला आतल्या बाजूने दमटपणा होता. त्याच घाण्यातल्या, उशिरा भरलेल्या चकल्या मात्र ठणठणीत होत्या. काउंटरवर रांग लागलेली, भरणाऱ्या मुलीला वरून घाई. गार व्हायला पसरलेल्या चकल्या तिने थांबायच्या आधीच उचलल्या. गिऱ्हाइकाचा डबा नीट लावलेला असो वा नसो, हा माल दुकानातूनच मऊ होऊन निघाला होता.

म्हणजे उत्तर लिहायच्या आधीच अर्धं काम झालं होतं. आता लिहिण्यासारखं काहीतरी हाताशी होतं. जे उत्तर शेवटी लागलं ते असं:

‘नमस्कार ताई. ऐन दिवाळीत, पाहुण्यांसमोर डबा उघडला आणि चकली मऊ निघाली, याबद्दल माफी मागते. तुमचं वाचून त्या संध्याकाळची उरलेली पाकिटं उघडून पाहिली. त्यातल्या काहींत चकल्या मऊच होत्या. गर्दीत त्या पुरत्या गार व्हायच्या आधी भरल्या गेल्या, ही चूक आमची. आता पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट भरत नाही. फोनवर तुम्हाला जे उत्तर मिळालं तेही तसं द्यायला नको होतं. तुम्हाला पैसे परत हवेत की ताज्या चकल्या, ते दुकानाच्या नंबरवर कळवा. फोन मी स्वतः घेईन.’

यात वीस वर्षं नाहीत, जागरण नाही, ‘कटिबद्ध’ तर नाहीच. सुरुवात गिऱ्हाइकाच्याच तक्रारीने होते, आणि तीही मोघम नाही: पाहुणे, डबा, मऊ चकली. आपलं म्हणणं दुकानाने नीट वाचलंय हे त्या बाईला पहिल्याच वाक्यात कळतं. मग तपास येतो, मग कारण. ‘चूक आमची’ हे तपासाच्या नंतर येतं म्हणून ते पोकळ वाटत नाही. आणि तिऱ्हाईत वाचणाऱ्याला यातून एक वेगळीच बातमी मिळते: या दुकानात तक्रार आली की कुणीतरी उठून पाकीट उघडून बघतं.

‘आता गार झाल्याशिवाय भरत नाही’ या वाक्यावर बाई बराच वेळ अडल्या होत्या. लिहायला सोपं, पण पुढच्या दिवाळीत पुन्हा एकाला मऊ चकली मिळाली तर हेच वाक्य कुणीतरी त्यांच्या तोंडावर फेकणार. म्हणून आधी त्यांनी चकल्या पसरायला आणखी एक फळी लावून घेतली, मग ते वाक्य लिहिलं.

पैशांचं बोलणं त्यांनी फोनवर नेलं, तेही योग्यच झालं. गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर, त्याने काय आणि कितीचं घेतलं, उधारी आहे का, यातलं काहीही जाहीर उत्तरात येता कामा नये. आणखी एक मोह टाळायचा असतो: ‘रिव्ह्यू काढा, मग पैसे परत देतो.’ वाईट रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी काही देऊ करणं गूगलच्या नियमांत बसत नाही. पैसे परत द्यायचे तर चकली मऊ होती म्हणून द्यायचे.

गूगलची यंत्रणा कशी चालते हेही दुकानदाराला माहीत असलेलं बरं. उत्तर द्यायचं तर दुकानाचं प्रोफाइल पडताळलेलं असावं लागतं. उत्तर रिव्ह्यूच्या खालीच, मालकाचं म्हणून दिसतं आणि ते लिहिल्याची सूचना रिव्ह्यू लिहिणाऱ्याकडे जाते. आपलं उत्तर नंतर बदलता येतं, पण रागातलं आधीचं तोवर वाचलं गेलेलं असतं. दुसऱ्याचा रिव्ह्यू मालकाला पुसता येत नाही. त्यात शिवीगाळ असेल, तो बनावट असेल किंवा भलत्याच दुकानाबद्दल असेल तर गूगलकडे तक्रार करता येते. पण ‘तो म्हणतो ते खरं नाही’ एवढ्यावर रिव्ह्यू जात नाही. दोघांपैकी खरं कोण बोलतंय या वादात गूगल पडत नाही.

आणि गिऱ्हाईक खरंच चुकत असेल तर? उरलेली सगळी पाकिटं कुरकुरीत निघाली असती तर बाईंनी माफी मागायची गरज नव्हती. ‘त्या दिवशीची उरलेली पाकिटं तपासली, ती कुरकुरीत निघाली, तुमचं पाकीट दाखवायला आणलंत तर काय झालं ते पाहता येईल’ इतकं पुरे. न केलेली चूक कबूल करणं हाही एक प्रकारचा खोटेपणाच, आणि वाचणाऱ्याला तो कळतो.

अशा उत्तरांनी काही फरक पडतो का, यावर डेव्हिडे प्रोसेर्पिओ आणि जॉर्जिओस झेर्वास या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या हॉटेलांचा अभ्यास केला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रिपॲडव्हायजरवर उत्तरं द्यायला लागलेल्या हॉटेलांना त्यानंतर सुमारे 12 टक्के जास्त रिव्ह्यू मिळाले आणि त्यांची सरासरी 0.12 स्टारने वाढली. वाईट रिव्ह्यू कमी झाले, पण जे आले ते अधिक लांबलचक होते. मालक वाचतोय आणि उत्तर देतोय हे कळलं, की उगाच दोन ओळींत खरडणारा थांबतो, आणि ज्याचं खरंच काही बिघडलंय तो सविस्तर लिहितो. हॉटेलांचे आकडे फराळाच्या गाळ्याला जसेच्या तसे लावू नयेत. वाढ मोठी नाही, हेही लक्षात ठेवावं.

डोंबिवलीच्या त्या बाईंनी आठवड्याभराने फोन केला, ताज्या चकल्या नेल्या आणि रिव्ह्यू बदलला नाही. मालकीणबाईंनी तसं सुचवलंही नाही. एक स्टार अजून तिथे आहे, खाली त्यांचं उत्तर आहे. तुमचंही दुकान असेल आणि असा रिव्ह्यू आला तर राग वहीत लिहून काढा, मग वही बंद करून आधी शिल्लक माल उघडून पाहा.