निकाल लागला, पैसे कुठे आहेत?

समजा, बारामतीच्या एका सिमेंट-सळईच्या व्यापाऱ्याने एका ठेकेदाराविरुद्ध दावा जिंकला. हुकूमनामा ६ लाख ४० हजारांचा आणि वर व्याज. व्यापाऱ्याने पेढे वाटले, वकिलांची राहिलेली फी भागवली आणि पैशांची वाट पाहत बसला. ठेकेदाराने अपील केलं नाही, पैसेही दिले नाहीत.

इथे पुष्कळ लोक चुकतात. हुकूमनामा म्हणजे वसुलीचा हक्क, वसुली नव्हे. कोर्ट आपणहून कुणाच्या दारात माणूस पाठवत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. कायद्यात त्याला अंमलबजावणी अर्ज म्हणतात, आपल्याकडच्या कोर्टात सगळे ‘दरखास्त’ म्हणतात. मुदत १२ वर्षांची असते आणि तोच आकडा ऐकून लोक निवांत होतात. पण दोन वर्षं उलटल्यावर दरखास्त दाखल केली, तर आधी समोरच्याला नोटीस काढावी लागते. आमच्या व्यापाऱ्याला तीन वर्षं झाली होती. नोटीस बजावण्यातच काही महिने गेले आणि ठेकेदाराला आवराआवर करायला तेवढा वेळ मिळाला.

दरखास्तीत रक्कम, व्याज, खर्च आणि आतापर्यंत काही मिळालं असल्यास ते लिहायचं. शिवाय वसुली कशातून हवी तेही सांगायचं. खरी मेख याच रकान्यात आहे. ऋणकोची मिळकत कुठे आहे, हे धनकोनेच दाखवायचं असतं. व्यापाऱ्याने लिहिलं, ‘घरातील चीजवस्तू व ट्रक’. भत्ता भरला, जप्तीचं वॉरंट निघालं, बेलिफ गेला. ट्रक बायकोच्या नावावर निघाला. घरातले कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी तर कायद्यानेच जप्तीबाहेर आहेत. वॉरंट अंमल न होता परत आलं आणि पुढची तारीख पडली.

मग वकील बदलला. नव्या वकिलाने सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. हुकूमनामा होऊन ३० दिवसांत पैसे आले नाहीत, तर ऋणकोने आपल्या सगळ्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा आदेश कोर्टाकडून मागता येतो. तो मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. शपथेवर लिहायची वेळ आली तेव्हा ठेकेदाराला तीन गुंठ्यांचा प्लॉट आठवला. (एवढी मोठी गोष्ट माणूस विसरतो कशी, हा प्रश्न कोर्टात कुणी विचारत नाही.)

जागेच्या जप्तीत कुणी कुलूप लावत नाही. ही मिळकत विकू नये, गहाण ठेवू नये, दान करू नये, असा मनाई हुकूम निघतो. तो जागेवर आणि कोर्टात चिकटवतात, दवंडीही पिटायची असते. त्यानंतर ऋणकोने स्वतः केलेली विक्री धनकोविरुद्ध टिकत नाही.

दवंडी झाली आणि आठवड्यात ठेकेदाराचा भाऊ कोर्टात हजर झाला. प्लॉट आपण आधीच घेतलाय, असं म्हणत त्याने साठेखत पुढे केलं. दरखास्ती सर्वाधिक इथेच रुततात. तिऱ्हाइताची हरकत कोर्टाला ऐकावीच लागते, पुरावा घ्यावा लागतो आणि त्या निर्णयावर पुन्हा अपील होतं. मुद्दाम उशीर करून आणलेली हरकत न ऐकण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे, पण तो क्वचितच वापरला जातो असं माझं मत आहे. या साठेखताची नोंदणी झालेली नव्हती, पैसे दिल्याची एकही पावती नव्हती. तरी हरकत फेटाळेपर्यंत दीड वर्ष गेलं.

दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं होतं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने देशभरचे आकडे मागवले, तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं दिसलं. सर्वाधिक महाराष्ट्रात होत्या.

शेवटी लिलावाचा जाहीरनामा लागला. जागेच्या लिलावाला त्यानंतर किमान १५ दिवस जावे लागतात. बोली लावणाऱ्याने २५ टक्के तिथेच आणि उरलेले १५ दिवसांत भरायचे. लिलाव रद्द करून घ्यायला पुढे ६० दिवस असतात, म्हणजे हातोडा पडला तरी रक्कम लगेच हाती येत नाही.

आमच्या गोष्टीत हातोडा पडलाच नाही. लिलावाच्या सकाळी ठेकेदार व्यापाऱ्याच्या दुकानात आला. हातात चार लाख, बाकी दिवाळीला, म्हणाला. व्यापारी घेणारच होता, वकिलाने हात धरला. कोर्टाबाहेर घेतलेल्या पैशांची नोंद कोर्टात झाली नाही, तर अंमलबजावणीपुरते ते दिलेलेच नाहीत असं धरलं जातं आणि पुढे त्यावरून नवं भांडण उभं राहतं. शिवाय पूर्ण रक्कम आणि खर्च भरल्याखेरीज लिलाव आपोआप थांबत नाही. हे ऐकल्यावर ठेकेदार दोन तास गायब झाला आणि बोली सुरू व्हायच्या आत नाझराकडे सगळी रक्कम भरून पावती घेऊन बाहेर आला.