एजंटला द्यायची बिलाची प्रत

कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनिंगची कामं करणाऱ्या एका कारखानदाराचे हिशेब मी बघतो. त्यांना खेळत्या भांडवलासाठी १५ लाखांचं कर्ज हवं होतं. कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "साहेब, सहा महिन्यांची विक्रीची बिलं टाका." त्यांनी ११ बिलांच्या पीडीएफ काढल्या आणि होत्या तशा पाठवून दिल्या. एजंटनं त्या आणखी चार ठिकाणी पुढं ढकलल्या.

दोन महिन्यांनी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला थकलेल्या बिलासाठी फोन केला. बिल होतं २,४३,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २,८६,७४०. तिकडच्या अकाउंटंट बाई म्हणाल्या, "अहो, १९ दिवस झाले पैसे भरून!" त्यांना ईमेल आला होता की आमचं जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, सोबतच्या बिलावरच्या नव्या खात्यात भरा. सोबत खरंच बिल होतं. नंबर तोच, तारीख तीच, शिक्का आणि सहीसुद्धा आमचीच. बदलल्या होत्या फक्त खाली डाव्या कोपऱ्यातल्या दोन ओळी, खाते क्रमांक आणि आयएफएससी. ईमेलच्या पत्त्यात एका अक्षराच्या जागी तसाच दिसणारा आकडा होता. बिल नेमकं कोणाच्या हातून फुटलं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

नुसत्या खाते क्रमांकावर कोणी आपल्या खात्यातून पैसे काढू शकत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण चोराला आपल्या खात्यात हातच घालायचा नसतो. त्याला आपल्या नावानं पैसे मागायचे असतात. त्यासाठी लागणारं सगळं एका बिलावर असतं: कोणाकडून किती येणं आहे, कधी येणार आहे, गिऱ्हाइकाचा ईमेल, आपली सही. शिवाय एनईएफटी आणि आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, त्यापुढं लिहिलेल्या नावावर नाही. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून आता बँका पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवतात. ती सोय जरूर वापरावी, पण मिळत्याजुळत्या नावानं उघडलेलं खातं तिलाही चकवू शकतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. गिऱ्हाइकाला जाणारं बिल आणि बाहेरच्या माणसाला दाखवायची प्रत हे दोन वेगळे कागद आहेत. जीएसटीच्या नियमांतला नियम ४६ बिलावर काय काय हवं ते सांगतो, त्यात बँकेच्या खात्याचा उल्लेखच नाही. खाते क्रमांक आपण वसुलीच्या सोयीसाठी छापतो, आणि एजंट काही आपल्याला पैसे देणार नसतो. कर्ज देणाऱ्या संस्थेला खाते क्रमांक लागतो तो अर्जात, एकदाच. तो अकरा बिलांवर अकरा वेळा जायची गरज नाही. म्हणून प्रत काढतानाच बिलाच्या छपाईतून बँकेचे तपशील, यूपीआयचा क्यूआर कोड आणि सहीचं चित्र वगळावं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे सेटिंगमधून होतं. गिऱ्हाइकाचा फोन आणि ईमेलही काढावा. रकमा, तारखा, बिल नंबर यांना मात्र हात लावायचा नाही. झाकणं वेगळं आणि बदलणं वेगळं, आणि झाकलंय हे संस्थेला उघड सांगावं.

जुनं बिल फक्त पीडीएफमध्येच असेल तर खरी फसगत होते. कारखानदारांच्या मुलानं पुढच्या वेळी मोठ्या काळजीनं खाते क्रमांकावर काळा चौकोन काढला. मी ती फाईल उघडली, Ctrl+A, मग Ctrl+C दाबलं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. खाते क्रमांक सगळाच्या सगळा समोर! चौकोन वर चिकटवलेला होता, खालची अक्षरं जागच्या जागी होती. अमेरिकेत २०१९ साली पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदात नेमकी हीच चूक झाली होती आणि पत्रकारांनी झाकलेला मजकूर कॉपी करून वाचला. मोबाईलवर फोटोतला आकडा काळ्या हायलायटरनं झाकला तर तो अर्धवट पारदर्शक असू शकतो. उजेड वाढवला की आकडे वर येतात.

याला माझा उपाय साधा, जुना आहे. बिल छापायचं, नको त्या ओळींवर जाड कागदाची पट्टी ठेवायची आणि मग स्कॅन करायचं. जे कॅमेऱ्यासमोर आलंच नाही ते फाईलमध्ये असणार कुठून? पाठवण्याआधी ती कॉपी-पेस्टची परीक्षा घ्यावी आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे फाईलमध्ये शोधून बघावेत.

दोन ठिकाणी मात्र झाकणं फसवं ठरतं. पहिलं पॅनचं. मालकी हक्काच्या धंद्यात पॅन हा मालकाचा स्वतःचा असतो, म्हणून लोक तो खोडतात आणि शेजारी जीएसटी नंबर ठेवतात. 27AAAPA0000A1Z5 हा मुद्दाम बनवलेला नंबर बघा. सुरुवातीचा 27 महाराष्ट्राचा, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. जीएसटी नंबर पोर्टलवर कोणालाही तपासता येतो आणि कर्जदात्याला तो लागतोच, तेव्हा पॅन गुप्त राहील या भरवशावर काही बेतू नये. दुसरं ई-इन्व्हॉइसचं. वर्षाला ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांच्या बिलावर जो क्यूआर कोड असतो, त्यात गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर आणि बिलाची रक्कम असते. वर गिऱ्हाइकाचं नाव खोडलं आणि कोड तसाच राहिला, तर झाकलं काय?

प्रत्येक प्रतीवर, आकड्यांच्या रकान्यांवरून तिरपं, फिक्या अक्षरांत लिहावं: "फक्त अमुक संस्थेच्या कर्ज अर्जासाठी, अमुक तारीख, पैसे भरण्यासाठी नाही." कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. ज्याला द्यायची त्याचं नाव प्रत्येक प्रतीवर वेगळं असलं की उद्या ती भलतीकडं सापडली तर कोणाकडून गेली ते कळतं. आमच्या अकरा बिलांवर तेवढं असतं, तर चार जणांतला एक तरी ओळखता आला असता.

खरं तर पुष्कळदा बिलं द्यायची वेळच येऊ नये. उलाढाल दाखवायला अकाउंट अ‍ॅग्रिगेटर ही व्यवस्था आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली कंपनी आपल्या संमतीनं बँकेची माहिती थेट कर्जदात्याकडं पोचवते, आणि नोव्हेंबर २०२२ पासून जीएसटीच्या विवरणपत्रांसाठीही हा मार्ग खुला झाला आहे. मधल्या माणसाच्या फोनमध्ये काही उरत नाही. डिजिटल कर्ज देणाऱ्या संस्थेनं आपल्यासाठी काम करणाऱ्या मध्यस्थांची यादी वेबसाइटवर द्यायची असते. एजंटचं किंवा त्याच्या फर्मचं नाव तिथं नसेल तर मी कागद थांबवतो आणि संस्थेच्या शाखेत फोन करतो.

आमची तक्रार १९३० वर गेली, पण १९ दिवसांनी. त्या क्रमांकाचा उपयोग पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत, म्हणजे काही तासांत असतो. पैसे निघून गेले होते. पुण्याची कंपनी म्हणत होती, आम्ही भरले, आणि आमचे कारखानदार म्हणत होते, आम्हाला मिळाले नाहीत. बारा वर्षांचा व्यवहार मोडायचा नाही म्हणून दोघांनी निम्मं निम्मं सोसलं, १,४३,३७० रुपये प्रत्येकी.

आधी गेलेली बिलं परत बोलावता येत नाहीत. म्हणून आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना शिक्क्यानिशी पत्र पाठवलं: आमचं खातं बदललं तर ते ईमेलनं कळवणार नाही, मालक स्वतः फोन करतील आणि तुम्ही तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर उलट फोन करून खात्री करा. पुण्याच्या बाईंनी ते पत्र आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.